बातमी दीपप्रज्वलनाने सुरू होत नाही

जिल्हा आवृत्तीचे पान रात्री लागत असते. बारा ओळींची जागा महाविद्यालयाच्या बातमीसाठी ठेवलेली असते, तेवढ्यात जाहिरात येते आणि सहाच ओळी उरतात. उपसंपादकाला बातमी नव्याने लिहायला वेळ नसतो, तो ती खालून छाटतो. शिशाच्या खिळ्यांनी पाने जुळवत तेव्हाही जागा कमी पडली की शेवटच्या ओळी उचलून बाजूला ठेवत. बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहा, असे पत्रकारितेच्या वर्गात सांगतात, त्यामागचे एक रोकडे कारण हे आहे. सर्वांत वजनदार मजकूर वर, मग तपशील, आणि गेले तरी चालेल ते तळाशी.

महाविद्यालयांची प्रसिद्धिपत्रके मात्र कार्यक्रमपत्रिकेच्या क्रमाने चालतात. समजा, रक्तदान शिबिर झाले. पत्रक साधारण असे येते: ‘सालाबादप्रमाणे यंदाही राष्ट्रीय सेवा योजना विभागाच्या वतीने भव्य रक्तदान शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न झाले. दीपप्रज्वलन व प्रतिमापूजनाने कार्यक्रमाची सुरुवात झाली. प्रास्ताविक कार्यक्रम अधिकाऱ्यांनी केले.’ पुढे स्वागत, सत्कार, मनोगते. नवव्या ओळीत ११२ जणांनी रक्तदान केल्याचे कळते. आणि आभाराच्या जरा आधी, जाता जाता, असे एक वाक्य असते की नोंदणी केलेल्या १५८ जणांपैकी ४६ जणांना हिमोग्लोबिन कमी असल्याने परत पाठवावे लागले आणि त्यांत ३८ मुली होत्या.

आता यातल्या शेवटच्या सहा ओळी कापून पाहा. दिवा लागला, पूजन झाले, प्रास्ताविक झाले. बातमी गेली.

खरे तर इथे दोन बातम्या आहेत आणि निवड करावी लागते. ११२ पिशव्या रक्त जमले ही चांगलीच गोष्ट, पण अशी शिबिरे गावोगाव होतात. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते, आणि एकाच महाविद्यालयातल्या ३८ मुली त्या रेषेखाली निघाल्या, हे पालक थांबून वाचतील. मी असते तर इंट्रो त्याचाच केला असता:

‘महाविद्यालयात सोमवारी (ता. १२) झालेल्या रक्तदान शिबिरात नोंदणी केलेल्या १५८ विद्यार्थ्यांपैकी ४६ जणांना हिमोग्लोबिन कमी असल्याने रक्त देता आले नाही. त्यांत ३८ विद्यार्थिनी आहेत. या सर्वांची गुरुवारी (ता. १५) महाविद्यालयातच मोफत तपासणी होणार आहे.’

कोण, काय, कुठे, कधी, का, हे सगळे तीन वाक्यांत आले. दुसऱ्या परिच्छेदात ११२ जणांचे रक्तदान, रक्तपेढीचे नाव आणि १२.५ चा निकष. तिसऱ्यात तिथल्या डॉक्टरांचे एखादे वाक्य, त्यांनी खरोखर म्हटलेले. उद्घाटन कोणी केले, उपस्थित कोण होते, हे शेवटी एका ओळीत. आता तळाच्या सहा ओळी गेल्या तरी वाचकाच्या हाती बातमी राहते. ३८ रेषेखाली आल्या म्हणजे सगळ्यांना पंडुरोग आहे, असे मात्र लिहायचे नाही. रक्तदानाचा निकष आणि रोगाचे निदान या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलींची नावे तर कुठेच येता कामा नयेत.

घोडे पेंड खाते ते प्राचार्यांच्या टेबलावर. संस्थेच्या अध्यक्षांचे नाव शेवटच्या ओळीत? त्यावर एक व्यवहारी तोड आहे. पदाधिकाऱ्याच्या तोंडी बातमीतलाच निर्णय घालायचा: ‘तपासणीचा खर्च संस्था करणार असल्याचे अध्यक्षांनी सांगितले.’ मग ते नाव आपोआप दुसऱ्या परिच्छेदात येते आणि कोणी कापत नाही. नुसते ‘मोलाचे मार्गदर्शन केले’ असेल तर ते जाणारच. व्याख्यानाच्या बातमीतही हेच. वक्ते बोलले ही बातमी नसते, ते काय बोलले ही असते. कार्यक्रम अजून व्हायचा असेल, तर वेळ, जागा आणि प्रवेश कोणाला, हे अगदी वर हवे.

‘भव्य’, ‘संपन्न’, ‘मोठ्या उत्साहात’ ही विशेषणे आपणच काढावीत, नाहीतर डेस्क काढतोच. ‘आज’ आणि ‘काल’ही नकोत, कारण पत्रक ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ते छापले जात नाही. वार आणि तारीख लिहावी.

आणखी एक गोष्ट बरीच पत्रके मारते. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात. तो पुन्हा टाइप करायला रात्री कोणी मोकळे नसते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलमध्येच चिकटवावा, फोटो वेगळा जोडावा आणि फोटोओळीत नावे डावीकडून क्रमाने द्यावीत. शेवटी संपर्कासाठी एक नंबर द्यावा, आणि तो त्या रात्री उचलला जाईल असा असावा, कारण ३८ चा आकडा पडताळायला डेस्कवरून फोन येऊ शकतो.