पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचावा? पित्ताचे खडे, किडनीची सूज आणि ‘नॉर्मल’चा अर्थ

पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली की हातात इंग्रजी रिपोर्ट येतो. त्यात यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, किडन्या अशा एकेका अवयवाचे वर्णन असते आणि शेवटी ‘इम्प्रेशन’, म्हणजे सारांश. बहुतेक जण तेवढाच वाचतात. पण रिपोर्ट फक्त काय दिसले ते सांगतो. तुमचे दुखणे त्यामुळेच आहे का, हे तुमचा त्रास आणि तपासणी यांच्याशी ताडून ठरवावे लागते.

एक उदाहरण पाहू

समजा, नागपुरात मे महिन्यात दिवसभर उन्हात काम करणाऱ्या ४२ वर्षांच्या गृहस्थांना पहाटे उजव्या कुशीत जोराची कळ आली. कळ जांघेकडे उतरत होती, एका जागी बसवत नव्हते, दोनदा उलटीही झाली. ताप नव्हता. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी आल्या: पित्ताशयात ९ मिमीचा एक खडा आणि उजव्या किडनीला ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’. खडा सापडला म्हटल्यावर घरचे लगेच पित्ताशयाच्या ऑपरेशनची चौकशी करू लागले.

पित्ताशयातला खडा

खडा आहे एवढे वाचून थांबू नका, त्याच्या पुढचे वाक्य पाहा. या रिपोर्टमध्ये पित्ताशयाची भिंत २ मिमी (३ मिमीपर्यंत सामान्य), भोवती पाणी नाही आणि पित्तनलिका, म्हणजे ‘सीबीडी’, ४ मिमी (साधारण ६ मिमीपर्यंत सामान्य, वयानुसार थोडी जास्त) असे लिहिले होते. म्हणजे खडा आहे, पण पित्ताशयाला सूज नाही आणि पित्ताची वाटही अडल्याचे दिसत नाही.

पित्ताच्या खड्याची कळ बहुधा जेवणानंतर किंवा रात्री, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी येते. ती अर्धा तास ते काही तास टिकते आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते. जांघेकडे उतरत नाही. अनेकांच्या पित्ताशयात खडे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. अशा मुक्या खड्यांसाठी सहसा ऑपरेशन करत नाहीत.

किडनीची ‘सूज’

हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे किडनी खराब झाली असे नव्हे. लघवी पुढे जाण्याची वाट कुठेतरी अडल्यामुळे किडनीतली पोकळी लघवीने फुगते; तिलाच आपण सूज म्हणतो. कधी मूत्राशय गच्च भरलेले असले तरी ती किंचित फुगलेली दिसते, म्हणून लघवी करून आल्यावर पुन्हा पाहतात.

या गृहस्थांच्या रिपोर्टमध्ये मूत्रवाहिनीचा वरचा भाग फुगलेला होता आणि खालचा भाग ‘आतड्यातील वायूमुळे दिसला नाही’. खडा दिसला नाही, पण त्याची खूण दिसली. उन्हात घाम जास्त जातो, लघवी घट्ट होते आणि मूतखडे बनण्याला वाव मिळतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ४ मिमीचा खडा सापडला. एवढा लहान खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो. त्यांचाही वेदनाशामक औषधांवर काही दिवसांत पडला. पित्ताशयाला हात लावावा लागला नाही.

‘नॉर्मल’ म्हणजे काय?

‘नॉर्मल स्टडी’ याचा अर्थ एवढाच, की जे अवयव दिसले त्यांत सोनोग्राफीला कळणारा दोष नाही. जठरातला व्रण किंवा ॲसिडिटी यात सहसा दिसत नाही. लहान मूतखडा आणि सुरुवातीचे अपेंडिक्सचे दुखणेही निसटू शकते. कळ नुकतीच सुरू झाली असेल तर किडनी अजून फुगलेलीही नसते. वरच्या पोटात जड वाटून घाम येत असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर आधी ईसीजी काढतात, कारण ते दुखणे हृदयाचेही असू शकते.

‘ऑब्स्क्युअर्ड’ किंवा ‘नॉट व्हिज्युअलाइझ्ड’ हे शब्द नॉर्मलच्या बरोबरीचे नाहीत. तो भाग तपासलाच गेला नाही, असा त्यांचा अर्थ. उपाशीपोटी न जाता जेवून गेलात, तर पित्ताशय आकसते, खडे नीट दिसत नाहीत आणि भिंतही उगाच जाड दिसते.

केव्हा थांबायचे नाही?

किडनीला सूज आहे आणि थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, एकच किडनी आहे किंवा दोन्हींना सूज आहे, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकते. पित्ताचे खडे असताना डोळे पिवळे झाले, ताप आला किंवा कळ सहा तासांत थांबली नाही, तरीही तसेच. रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखणे वाढत असेल, पोट कडक झाले असेल, तर पुन्हा तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत तीन गोष्टी लिहून न्या: दुखणे नेमके कुठे सुरू झाले, कुठे सरकले आणि किती वेळ टिकले. मग त्यांना विचारा, ‘रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीशी हे जुळते?’