नमुनाग्रहण प्रमेय, ॲलिअसिंग आणि फिल्टरची निवड

सदृश संकेताचे अंकीय रूपांतर करताना त्यातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक दराने नमुने घेतल्यास मूळ संकेत पूर्णपणे परत मिळविता येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलेल्या या प्रमेयातील ‘सर्वोच्च वारंवारता’ केवळ उपयुक्त संकेताची नसून त्यात मिसळलेल्या गोंगाटाचीही असते.

समजा, एखाद्या यंत्राच्या १०० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांचे नमुने सेकंदास १००० या दराने घेतले. त्यात ९७० हर्ट्झचा गोंगाट असल्यास नोंदीत तो १००० − ९७०, म्हणजे ३० हर्ट्झचे कंपन म्हणून उमटतो. यालाच ॲलिअसिंग म्हणतात. खरे व आभासी कंपन एकरूप झाल्यावर नंतरचे कोणतेही गणन त्यांना वेगळे करू शकत नाही. नमुन्यांचा दर १०५० करून पाहिल्यास मात्र आभासी कंपन ८० हर्ट्झवर सरकते; खरे जागीच राहते.

म्हणून फिल्टर रूपांतरकाच्या आधीच बसवावा लागतो. येथे ९०० हर्ट्झपासूनचा गोंगाट उपयुक्त पट्ट्यात उतरतो. १२ बिटांचा रूपांतरक पूर्ण मर्यादेचा ४०९६ वा भाग ओळखत असल्याने हा गोंगाट सुमारे ७२ डेसिबलने क्षीण व्हावा. १०० हर्ट्झ छेदन-वारंवारतेचा चौथ्या कोटीचा बटरवर्थ फिल्टर तेथे ७६ डेसिबल क्षीणन देतो; मात्र १०० हर्ट्झवरील खरे कंपनही तो सुमारे ३० टक्क्यांनी घटवितो.

दर २५० ठेवल्यास धोका १५० हर्ट्झपासूनच सुरू होतो आणि तेवढ्याच क्षीणनासाठी एकविसाव्या कोटीचा फिल्टर लागतो. त्यामुळे दर आणि फिल्टर यांची निवड एकत्रच करणे इष्ट ठरते.