मोजक्या ओळींचा धीर

मे २०२५ मध्ये व्होल्वो कार्सने सुमारे तीन हजार जागा कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या बहुतेक कार्यालयीन कामाच्या होत्या आणि मोठा वाटा स्वीडनमधला होता. त्याआधी मार्चमध्ये बॅटरी बनवणारी नॉर्थव्होल्ट दिवाळखोरीत गेली होती, आणि २०२३ मध्ये एरिक्सनने जगभरातल्या साडेआठ हजार जागांवर काट मारली होती. स्टॉकहोम-गोथेनबर्गमध्ये याच क्षेत्रांत काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. अशी बातमी आली की आपल्या माणसाला काय लिहायचं हे त्यांना विचारावं लागत नाही. फोनच करतात. पंचाईत होते ती शेजारच्या टेबलावरच्या स्वीडिश मित्राची नोकरी गेली की. त्याला काय लिहायचं?

सवयीने हात जातो तो आपल्याकडच्या चार वाक्यांकडे. अरे, झालं काय एकदम? काळजी करू नकोस, जे होतं ते चांगल्यासाठीच. माझ्या ओळखीत एक जण आहे, सीव्ही पाठव. काहीही लागलं तर हक्काने सांग. यातल्या प्रत्येक वाक्यात माया आहे, आणि स्वीडिश माणसाला त्यातलं प्रत्येक वाक्य थोडं टोचतं. त्याचं कारण कळायचं तर स्वीडनमध्ये नोकरी जाते कशी, हे आधी पाहावं लागतं.

ती एका दुपारी खोकं हातात देऊन जात नाही. कंपनीला पाच किंवा अधिक माणसं कमी करायची असतील तर तिला सरकारी रोजगार कार्यालयाला आगाऊ कळवावं लागतं. याला तिकडे ‘वार्सेल’ म्हणतात. मग कंपनी आणि कामगार संघटना वाटाघाटीला बसतात. कोण जाणार हे ठरवताना मूळ नियम सरळ आहे: जो शेवटी आला तो आधी जाणार. त्याला अपवाद आहेत, तडजोडी होतात, पण पाया तोच. नावं ठरली की नोटीस, आणि नोटिशीची मुदत नोकरीच्या वर्षांवर. कायद्यातलं किमान प्रमाण असं की दोन वर्षांखालच्याला एक महिना, मग दर दोन वर्षांमागे एकेक महिना वाढत दहा वर्षांवरच्याला सहा महिने. या काळात पगार चालू असतो. कागदावर कारण लिहिलेलं असतं ‘आर्बेत्सब्रिस्त’, म्हणजे कंपनीकडे काम उरलं नाही. माणसाच्या कामगिरीबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

म्हणून ‘झालं काय?’ हा प्रश्न तिथे विचित्र ठरतो. काय झालं ते वर्तमानपत्रात छापून आलेलं असतं. तरीही विचारलं तर ऐकणाऱ्याला त्यात दुसराच प्रश्न ऐकू येतो: यादीत तुझंच नाव कसं आलं? आणि कंपनीला शिव्या घालूनही मैत्री सिद्ध होत नाही. कामाच्या अभावी काढलेल्या माणसाला, त्याने तिथे पुरेसा काळ काम केलं असेल तर, नोकरी संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत त्याच कंपनीत नवी जागा निघाल्यास अग्रहक्क मागता येतो. ज्या दारातून कदाचित परत आत जायचं आहे, त्या दाराला मित्राने लाथ मारलेली कुणाला आवडेल?

पैशाचं ओझंही मित्रांच्या खांद्यावर फारसं येत नाही. बहुतेक नोकरदार ‘आ-कास्सा’ नावाच्या बेरोजगारी विमा निधीचे सभासद असतात. सभासदत्व ऐच्छिक, मासिक वर्गणी किरकोळ. भरपाई सुरुवातीला पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळते. मात्र तिला वरची मर्यादा असल्यामुळे चांगल्या पगाराच्या अभियंत्याच्या हाती प्रत्यक्षात बरंच कमी पडतं. ती तूट भरायला पुष्कळ संघटना सभासदांसाठी वेगळा उत्पन्न विमा ठेवतात. नवी नोकरी शोधायला मदत करणारी यंत्रणाही सामूहिक कराराने उभी केलेली आहे. खासगी क्षेत्रातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठीची टीआरआर ही संस्था १९७४ पासून हेच काम करते. तिथे सल्लागार मिळतो, तो सीव्ही तपासतो, मुलाखतीची तयारी करून घेतो.

इतिहासकार लार्स त्रेगोर्द आणि हेन्रिक बेरग्रेन यांनी २००६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच खोचक प्रश्न आहे: स्वीडिश माणूस हा माणूस आहे का? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की स्वीडिश समाजाने माणसाला नातेवाइकांच्या, मालकाच्या आणि धर्मादायाच्या मेहेरबानीतून सोडवायचं ठरवलं आणि ते काम सरकारवर सोपवलं. खरं प्रेम, खरी मैत्री ही एकमेकांवर अवलंबून नसलेल्या माणसांतच होते, अशी त्यामागची धारणा. हे मला पूर्ण पटतं असं नाही. आपल्या आयुष्यातली उत्तम नाती अवलंबूनच असतात. पण चाळीस क्रोनांच्या कॉफीचे पैसे त्याच संध्याकाळी ‘स्विश’ने परत करणाऱ्या मित्राचं वागणं या एका मांडणीने बरंच उलगडतं. तो तुम्हाला परकं मानत नसतो. त्याला उपकाराची बाकी नको असते. अशा माणसाला ‘माझ्या साहेबांशी बोलतो’ म्हटलं की मदतीआधी बाकीच दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. गोथेनबर्गमधली एक कंपनी, तिथला तुमचा स्वीडिश सहकारी, नोकरीला नऊ वर्षं झालेली. वसंतात वार्सेल जाहीर झालं, वाटाघाटी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या पलीकडे गेल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याला नोटीस मिळाली. नऊ वर्षांना पाच महिने, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपर्यंत पगार. तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं. फोन लावू नये. तिथे जवळचे मित्रही आधी मेसेज करून मग फोन करतात, आणि अचानक वाजलेला फोन त्याला तयारीविना बोलायला भाग पाडतो. ग्रुपवरही लिहू नये. फक्त त्याला, असं काहीसं:

‘नोकरीचं कळलं. वाईट वाटलं. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. रविवारी दहा वाजता मी स्लॉत्सस्कोगेनमध्ये चक्कर मारणार आहे. यावंसं वाटलं तर ये.’

स्वीडिशमध्ये लिहिलं तर शेवटी ‘क्राम’, म्हणजे मिठी, असं लिहिता येतं. मित्रामित्रांत ते रोजचं आहे, त्यात जादा काही नाही.

आपल्याला हा मेसेज कोरडा वाटेल. त्यात धीर कुठे आहे? तो आहे आधी ‘कळलं’ या शब्दात. आता बातमी सांगण्याचं अवघड काम त्याच्यावर राहिलं नाही. ‘वाईट वाटलं’ला ‘फार’, ‘खूप’, ‘धक्काच बसला’ असलं काही जोडलेलं नाही, कारण तुमचा धक्का मोठा झाला की तुम्हाला सावरायचं काम त्याच्याकडे जातं. उत्तराची सक्ती काढून टाकली. आणि रविवारच्या फेरफटक्याला तुम्ही तो आला नाही तरी जाणारच आहात, हे वाक्यरचनेतून दिसतं. त्यामुळे यायचं की नाही हे ठरवताना त्याला तुमचा विचार करावा लागत नाही. ‘काहीही लागलं तर सांग’ यात नेमकं उलटं होतं. काय लागेल हे त्याने शोधायचं, ते मागण्याइतकं जवळचं नातं आहे का हे तोलायचं, मग शब्द जुळवायचे. तो सांगणार नाही. बाग, रविवार, दहा वाजता, हे ठरलेलं असलं की फक्त हो किंवा नाही एवढंच उरतं.

चालण्याचा आणखी एक फायदा म्हणजे दोघांच्या नजरा समोर असतात. गप्प राहिलं तरी अवघडत नाही. स्वीडिश माणसाला बोलण्यातली शांतता भरून काढायची घाई नसतेच. तो विषय काढेपर्यंत तुम्ही काढू नका. घर, मुलं, आइस हॉकी, काहीही चालेल.

उत्तरात नुसतं ‘ताक’, म्हणजे धन्यवाद, किंवा अंगठा आला तर ते पूर्ण उत्तर समजावं. त्यामागे नाराजी शोधू नये. ‘आठवण ठेवून लिहिलंस, बरं वाटलं’ अशा अर्थाचं वाक्य आलं तर तुमचा मेसेज नीट पोचला. काहीच आलं नाही तर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि नोकरीचा उल्लेख न करता साधं काही पाठवावं.

आपल्याकडून हमखास सुटते ती दुसरी तारीख. बातमीच्या आठवड्यात सगळेच लिहितात, पण या मित्राचा पगार, बॅज आणि सहकारी जानेवारीपर्यंत त्याच्याजवळ असतात. खरा रिकामा सोमवार फेब्रुवारीत येतो. बेकारीच्या पहिल्याच दिवशी त्याला रोजगार कार्यालयात नोंदणी करायची असते, नाहीतर भरपाईचे दिवस बुडतात. मग महिन्यामागून महिना, कुठे कुठे अर्ज केले याचा अहवाल भरायचा. गोथेनबर्गचा फेब्रुवारी तसाही ओला आणि करडा. तोवर बाकीचे विसरलेले असतात. म्हणून ऑगस्टमध्येच कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि त्या आठवड्यात लिहावं: ‘गुरुवारी दुपारी कॉफी घेऊ या का? मी तुझ्या बाजूला येतो.’ त्यात ‘आज पहिला दिवस ना?’ हे नको. त्याला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे, हे त्याला कळतंच.

इथे मराठी मित्राचा आणखी एक घोटाळा होतो. त्याचा स्वतःचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की युरोपबाहेरच्या माणसाला नवी शोधायला गेली कित्येक वर्षं तीन महिन्यांची मुदत होती. मुलांची शाळा, घराचं कर्ज, परत जायचं का, हे सगळं त्या मुदतीत. ही धास्ती खरी आहे आणि आपल्या माणसाची नोकरी गेली तर लगेच फोन करून व्यवहाराचं बोलणंच योग्य. पण तीच धास्ती स्वीडिश मित्राच्या मेसेजमध्ये ओतली तर त्याला कळेनासं होतं की हा इतका का घाबरलाय. त्याचं घर जाणार नाही. गेलंय ते नऊ वर्षांचं रोजचं टेबल आणि त्याभोवतीची माणसं.

हे सगळे ठोकताळे आहेत. माल्मोत वाढलेला, बोस्नियन आईवडिलांचा मुलगाही स्वीडिशच असतो, आणि त्याच्या दारात डबा घेऊन गेलात तर तो कदाचित जास्त खूश होईल. माणूस तुम्ही ओळखता. ओळखीपुढे नियम मागे. आणि मोघमपणालाही सीमा आहे. तो आठवडेच्या आठवडे कुणालाच भेटत नसेल, झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल, तर सरळ विचारावं, आणि ११७७ या आरोग्यसेवेच्या क्रमांकावर सोबत बसून फोन करावा. जिवाला धोका वाटला तर ११२.

नोकरी शोधायच्या मदतीबद्दल एकदाच, तेही प्रश्न म्हणून लिहावं: ‘कुठे जागा दिसली तर कळवू का?’ नाही म्हणाला तर विषय संपला. पुढे कधीतरी तोच विचारेल, संदर्भासाठी तुझं नाव देऊ का? स्वीडनमध्ये निवडीच्या शेवटच्या टप्प्यात नवी कंपनी उमेदवाराच्या जुन्या साहेबाला आणि सहकाऱ्यांना खरोखर फोन करते, आणि तो माणूस कामात कसा आहे, ताणात कसा वागतो, हे विचारते. तेव्हा लगेच हो म्हणावं, त्याने कोणती दोन-तीन कामं केली ती आठवून ठेवावीत, आणि त्या आठवड्यात अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन उचलावा.