शुक्रवारी आलेली असाइनमेंट

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीची पहिली फेरी पार पडते आणि शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो: जेवण मागवण्याचं छोटं अ‍ॅप बनवा. लॉगिन, मेनू, कार्ट, पेमेंट, अ‍ॅडमिनचं पान, टेस्ट, आणि सगळं सर्व्हरवर चालू करून लिंक पाठवा, सोमवारी सकाळी दहापर्यंत. किती तासांचं काम अपेक्षित आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मुदत कळते, पण मेहनत किती घ्यायची ते कळत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

अशा वेळी लगेच कोड लिहायला बसू नये. आधी कागदावर तास मांडावेत. लॉगिन आणि पासवर्ड बदलण्याची सोय तीन तास, मेनू, कार्ट व ऑर्डर पाच, पेमेंट चार, अ‍ॅडमिन सहा, टेस्ट चार, सर्व्हरवर चढवणं तीन. बेरीज पंचवीस. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे नीट होणार नाही, आणि घाईत केलेलं सगळंच अर्धवट दिसेल.

मग त्याच संध्याकाळी मेल पाठवावा. रविवारी रात्री विचारलं, तर तो प्रश्न सबबीसारखा वाटतो. नुसतं ‘काम फार आहे’ असंही लिहू नये. साधारण असं लिहावं: ‘असाइनमेंट वाचली. माझ्या अंदाजाने पूर्ण कामाला पंचवीस तास लागतील. आपल्याला किती तास अपेक्षित आहेत? चालत असेल तर मेनू, कार्ट आणि ऑर्डर हा भाग मी टेस्टसह सात तासांत पूर्ण करेन. लॉगिनऐवजी एक ठरलेला युजर ठेवेन, पेमेंट नकली असेल. आपण मुख्यतः काय तपासणार आहात, हे कळलं तर त्यावर जास्त वेळ देईन.’ एचआरला याचं उत्तर बहुधा माहीत नसतं. म्हणून ज्यांनी असाइनमेंट तयार केली त्यांच्यापर्यंत मेल पोहोचवण्याची विनंतीही त्यात करावी.

पुष्कळदा ‘चालेल’ असं उत्तर येतं, कारण असाइनमेंट बनवणाऱ्याने ती स्वतः कधी सोडवून पाहिलेली नसते. उत्तर आलंच नाही, तर आपण सुचवलेला भाग पूर्ण करावा आणि `README.md` मध्ये काय केलं, काय मुद्दाम सोडलं, आणखी दोन दिवस मिळाले तर आधी काय करू, ते लिहावं. खरे लागलेले तासही तिथेच द्यावेत. बारा लागले असतील तर बाराच लिहावेत. सात लिहिले, तर पुढच्या फेरीत त्याच वेगाची अपेक्षा ठेवून प्रश्न विचारले जातील.

‘सगळंच हवं, वेळ कितीही लागो’ असं उत्तर आलं आणि काम कंपनीच्या चालू प्रॉडक्टशी जुळत असेल, तर या कोडचं पुढे काय होणार आणि मोबदला मिळेल का, हे सरळ विचारावं. त्यावर टाळाटाळ झाली, तर नम्रपणे माघार घेतलेली बरी. ते पंचवीस तास दुसऱ्या दोन कंपन्यांच्या मुलाखतींच्या तयारीला पुरतात.