ऐंशी टक्के सौदे जिंकणारा अहवाल

एखादी ट्रेडिंग पद्धत जुन्या भावांवर चालवून पाहिली की बॅकटेस्टचा अहवाल हाती येतो. त्यात बहुतेकांची नजर आधी निव्वळ नफ्यावर आणि मग जिंकलेल्या सौद्यांच्या टक्केवारीवर जाते. खरी परीक्षा मात्र प्रॉफिट फॅक्टर, पेऑफ रेशो आणि रिकव्हरी फॅक्टर हे तीन आकडे एकत्र वाचल्यावरच होते.

ऑप्शन विकणाऱ्या पद्धतीचा एक काल्पनिक अहवाल घेऊ. तीन वर्षांत 200 सौदे झाले. 160 सौद्यांत सरासरी 1,500 रुपये मिळाले, 40 सौद्यांत सरासरी 4,000 रुपये गेले. कमाई 2,40,000, तोटा 1,60,000, म्हणजे 80,000 रुपये उरले.

कमाईला तोट्याने भागले की प्रॉफिट फॅक्टर मिळतो. इथे तो 1.5 आहे. गमावलेल्या प्रत्येक रुपयामागे दीड रुपया आला, हे चांगलेच. पण तो कसा आला, ते या आकड्यातून कळत नाही.

ते पेऑफ रेशो सांगतो. सरासरी नफा भागिले सरासरी तोटा, म्हणजे इथे जेमतेम 0.38. एक हरलेला सौदा अडीचहून अधिक जिंकलेल्या सौद्यांची कमाई घेऊन जातो. त्यामुळे नुसती बरोबरी साधायलाही सुमारे 73 टक्के सौदे जिंकावे लागतात. जिंकलेल्या 160 पैकी अवघे 15 सौदे उलटले असते, तर 80,000 चा नफा जाऊन 2,500 रुपयांचा तोटा झाला असता! ऐंशी टक्क्यांचा दिलासा इतका तकलादू आहे.

आता रिकव्हरी फॅक्टर. खात्यातली रक्कम शिखरावरून तळाला जाताना झालेली सर्वांत मोठी घसरण 64,000 रुपयांची असेल, तर 80,000 भागिले 64,000, म्हणजे 1.25. तीन वर्षांची कमाई एका घसरणीहून थोडीच जास्त. काळ वाढला की नफा साठत जातो आणि हा आकडा आपोआप फुगू शकतो. म्हणून दहा वर्षांच्या अहवालाची तुलना तीन वर्षांच्या अहवालाशी करू नये. शिवाय घसरण फक्त बंद झालेल्या सौद्यांवर मोजली असेल, तर उघड्या सौद्यात मधेच दिसलेला मोठा तोटा तिच्यात येतच नाही.

शेवटी खर्च. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.0625 वरून 0.1 टक्का झाला. जुन्या दराने किंवा खर्चाविना काढलेले अहवाल त्यामुळे आणखी गोड दिसतात. वरच्या नमुन्यात कर, दलाली आणि भावातला फरक धरून सौद्यामागे 200 रुपये वजा केले, तर नफा निम्म्यावर, 40,000 वर येतो. प्रॉफिट फॅक्टर 1.24 होतो, तर रिकव्हरी फॅक्टर 0.63 च्याही वर जात नाही.

या अहवालावर पैसे लावू नयेत. तो देणाऱ्याकडे आधी सौद्यांची पूर्ण यादी आणि धरलेला खर्च मागावा.