प्रोजेक्ट संपल्यावर टीमला काय लिहावे

सेमिस्टर प्रोजेक्ट संपल्यावर टीमचा लीडर ग्रुपवर जो आभाराचा निरोप टाकतो, त्याने दोन गोष्टी साधायच्या असतात. काय झाले आणि काय झाले नाही हे सगळ्यांना एकसारखे कळले पाहिजे, आणि कोणावर आता कोणते काम उरलेले नाही हेही स्पष्ट झाले पाहिजे. प्रोजेक्टचा अहवाल परीक्षकासाठी लिहिलेला असतो. त्यात फसलेले प्रयत्न एका ओळीत आटोपतात. टीमसाठीच्या निरोपात त्यांना जागा मिळू शकते. गट कसे घडतात याचा अभ्यास करणारे ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले होते. १९७७ मध्ये त्यांनी मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासह पाचवा जोडला, तो गट विसर्जित होण्याचा. निरोप लिहायचा तो या टप्प्यावर: एक्स्टर्नल परीक्षकांची ओरल झाल्यावर आणि मुले सुटीला गावी जाण्यापूर्वी.

उदाहरणासाठी एक प्रोजेक्ट कल्पून पाहू. इलेक्ट्रॉनिक्सच्या चार विद्यार्थ्यांनी मातीतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा बनवली आणि काळ्या मातीतल्या वांग्याच्या प्लॉटवर चौदा दिवस चालवली. सुरुवातीला त्यांनी बाजारात सर्वात स्वस्त मिळणारा दोन दांड्यांचा सेन्सर घेतला. ओल्या मातीतून सतत विद्युतप्रवाह गेला की विद्युत्-अपघटनाने त्याच्या दांड्यांवरचे तांबे झिजते आणि रीडिंग हळूहळू सरकू लागते. मग त्यांनी कपॅसिटिव्ह सेन्सर लावला. त्यात धातूचा मातीशी थेट संबंध येत नाही, त्यामुळे झीज टळली; पण काळ्या मातीने वेगळीच अडचण आणली. ही माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि सेन्सरच्या पातीभोवती हवेची फट तयार होते. सेन्सर त्या हवेलाच कोरडी माती समजतो आणि गरज नसताना व्हॉल्व्ह उघडतो.

निरोपातला सर्वात अवघड भाग निकालाचा असतो. ‘प्रोजेक्ट यशस्वी झाला’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. निकाल लिहिताना ठरले काय होते, मोजले कसे आणि आले काय, हे तिन्ही एकत्र यावे लागते. या टीमने सेन्सरचे रीडिंग ओव्हनमध्ये वाळवलेल्या मातीशी ताडून पाहिले, असे धरू. मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसला साधारण २४ तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. १३० ग्रॅमचा नमुना १०० ग्रॅम भरला, तर वजनाच्या हिशेबाने ओलावा ३० टक्के. सेन्सर मात्र आकारमानाच्या हिशेबाने मोजतो, म्हणून हा आकडा कोरड्या मातीच्या घनतेने गुणावा लागतो. घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असेल, तर तो ३६ टक्के होतो. ही तुलना केलेली असेल तरच टीमला पुढचे लिहिता येते:

‘कुंडीतल्या मातीत आपले रीडिंग ओव्हनच्या आकड्यापेक्षा तीन टक्क्यांपर्यंत चुकले. शेतात भेगा पडल्यावर फरक दहापर्यंत गेला. यंत्रणा चौदापैकी अकरा दिवस चालली. उरलेले तीन दिवस नेटवर्क नसल्याने डेटा मिळाला नाही. पाणी किती वाचले ते आपण मोजलेले नाही.’

यातले शेवटचे वाक्य सर्वात मोलाचे आहे. पाणी वाचले असे म्हणायचे तर जोडीला नेहमीच्या पद्धतीने भिजवलेला दुसरा प्लॉट हवा आणि दोन्हींकडे पाण्याचे मीटर हवेत. ते नसताना ‘पाण्याची बचत’ हे शब्द निरोपात शिरले, तर तेच पुढे प्रत्येकाच्या बायोडेटात जातात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकतात. ज्याचे मोजमाप झाले नाही त्याचा दावा न करणे हीसुद्धा टीमची काळजीच आहे.

आभार लिहिण्यापूर्वी लीडरने आपल्या आठवणीवर विसंबू नये. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवले की एकत्र केलेल्या कामात माणसाला स्वतःचा वाटा अधिक सहज आठवतो आणि म्हणून तो मोठा वाटतो. लबाडी नसली तरी हे घडते. म्हणून आधी नोंदी उघडाव्यात: लॅबची वही, ग्रुपवरचे फोटो, खर्चाची यादी. कोड गिटवर असेल तर पुढील कमांड कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते दाखवते:

```
git shortlog -sn HEAD
```

पण ही यादी वाटा ठरवणारा तराजू नव्हे. सोल्डरिंग करणारा, भर उन्हात नमुने गोळा करणारी, शेतमालकाशी बोलून परवानगी मिळवणारा यांची नावे तिच्यात दिसणार नाहीत. चांगले आभार एका माणसाला एका कामाशी आणि त्या कामाच्या परिणामाशी जोडतात. ‘सर्वांनी खूप मेहनत घेतली’ याऐवजी ‘दांड्यांवरचा हिरवा थर तू पहिल्यांदा पाहिलास, फोटो टाकलास, म्हणून आपण वेळेत सेन्सर बदलू शकलो’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या मुलीला आपण नेमके काय केले ते कळते. ज्याचा सहभाग कमी होता त्याच्याविषयी खोटे लिहू नये आणि चारचौघांत टोचूनही लिहू नये. त्याने जे खरोखर केले तेवढे नोंदवावे. गाइड, लॅब असिस्टंट आणि शेतमालक यांना वेगळे लिहावे किंवा भेटून सांगावे. शेतमालकाला तर निकाल त्याच्या उपयोगाच्या भाषेत हवा: भेगा पडल्यावर या यंत्रावर विसंबू नका.

धडे लिहिताना बहुतेक निरोप ढिले पडतात. ‘वेळेचे नियोजन महत्त्वाचे’ किंवा ‘संवाद हवा’ हे प्रोजेक्ट सुरू होण्यापूर्वीही सगळ्यांना माहीत होते. पुढच्या बॅचला वापरता येईल असा धडा कधी, काय आणि का एवढे सांगतो. या टीमचा एक धडा असा होईल: ‘सेन्सर निवडण्यापूर्वी ज्या शेतात लावायचा तिथलीच माती आणून ती ओली ते पूर्ण वाळेपर्यंत तपासा, कारण कुंडीतल्या मातीला भेगा पडत नाहीत.’ दुसरा असा: ‘नेटवर्क गेले तरी रीडिंग मेमरी कार्डावर साठेल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.’ चूक एखाद्याच्या हातून झाली असेल, तरी धडा कृतीविषयी लिहावा, नाव न घेता. असे दोन-तीन धडे पुरेत. दहा लिहिले तर एकही वापरला जात नाही.

शेवटचा भाग कामे मिटवण्याचा. आभारांच्या ओघात तोच राहून जातो आणि सुटीत फोन करावे लागतात. लॅबमधून आणलेला मल्टिमीटर कोणाकडे आहे आणि तो कधी परत जाईल. शेतातला बॉक्स, पाइपवरचा व्हॉल्व्ह आणि सिमकार्ड कोण काढणार. खर्च कोणी किती केला आणि कोणाला किती द्यायचे. कोड आणि चौदा दिवसांचा डेटा कुठे आहे. डेटा एकाच विद्यार्थ्याच्या खासगी ईमेल खात्यावर असेल, तर त्याची प्रत गाइडकडे किंवा विभागाच्या खात्यावर ठेवावी. नाहीतर पुढच्या वर्षी तो कोणाला मिळत नाही. गुण जाहीर झाले नसतील तर त्यांविषयी अंदाज लिहू नयेत. प्रत्येक उरलेल्या कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहावी, आणि त्या तारखेनंतर ग्रुपवरून कोणाला काम सांगितले जाणार नाही, हेही तिथेच नोंदवावे.