अंधारातले केस रंगवताना

संगीताच्या रात्री मंद दिव्यांत मोबाइलवर काढलेला फोटो असतो. नवरीच्या बहिणीला त्यातले आपले काळे केस बरगंडी करून हवे असतात. हौशी माणूस अॅप उघडतो, केस निवडतो आणि सॅच्युरेशनची पट्टी सरकवतो. केस बरगंडी व्हायचे राहतात, उलट त्यांत हिरवे-जांभळे डाग उमटतात.

हे डाग आधीपासूनच तिथे असतात. प्रकाश कमी पडला की सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरव्या, निळ्याचा अंदाज थोडाथोडा चुकीचा मिळतो. शिवाय जेपीजी फाइल साठवताना फोन रंगाची माहिती सहसा उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ ठेवतो, त्यामुळे ती चूक बारीक न राहता चट्ट्यांसारखी पसरते. सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे त्या चट्ट्यांनाच खतपाणी घालणं.

म्हणून जुना रंग वाढवायचा नाही, तो झाकायचा. फोटोपी किंवा फोटोशॉपमध्ये वर एक गडद तपकिरी सपाट लेअर घालून त्याचा मोड `Color` ठेवायचा. मग केसांचा उजेड-अंधार मूळ फोटोतला राहतो, रंगछटा मात्र सगळीकडे एकच होते आणि डाग जातात. केस इतके काळे असतात की तपकिरी रंग जेमतेम दिसतो, पण इथे तेवढं पुरे.

खरी गंमत पुढे आहे. बरगंडी दिसायला केस उजळावे लागतात, आणि इथेच दाणे फुगतात. समजा, एका बटेतले शेजारचे दोन बिंदू 0 ते 255 च्या मापावर 20 आणि 32 आहेत. कर्व्हने दुप्पट उजळले तर ते 40 आणि 64 होतात. 12 चा फरक 24 वर जातो. त्याऐवजी 30 इतक्या उजेडाचा सपाट लेअर `Screen` मोडमध्ये घातला, तर तेच बिंदू साधारण 48 आणि 58 होतात. केस जवळपास तेवढेच उजळतात, दाणे मात्र किंचित कमीच होतात. हाच लेअर करड्याऐवजी गडद मरून ठेवला की बरगंडी झाक येते. केस धुकट वाटले तर लेअरची अपारदर्शकता थोडी उतरवावी.

मास्क जादूच्या कांडीने, म्हणजे मॅजिक वाँडने, करू नये. ती दाण्यांनाच कड समजते आणि मास्कही खरबरीत होतो. मऊ ब्रशने हाताने रंगवलेला मास्क बरा. काम झाल्यावर 100 टक्के झूम करून निळं चॅनेल वेगळं पाहावं. पिवळ्या दिव्यांखाली सर्वात जास्त घाण तिथेच साचलेली असते.

मूळ फाइल गॅलरीतलीच घ्यावी, व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली नको. आणि सोनेरी केसांचा हट्ट असेल तर नकार देणं शहाणपणाचं: जिथे बिंदूंची मापं शून्याच्या आसपास आहेत, तिथे बटाच नोंदल्या गेलेल्या नसतात, उजळून फक्त सपाट पिवळट पट्टा हाती लागतो.